नोटीस विचारते, निकाल देत नाही

‘तुम्ही सवयीचे गैरहजर आहात, कामात बेजबाबदार आहात.’ कारणे दाखवा नोटिशीत हे वाक्य आले की ती तिथेच बिघडते, कारण खुलासा येण्याआधीच दोष ठरवून टाकला जातो. सर्वोच्च न्यायालयाने ओरिक्स फिशरीज प्रकरणात, २०१० साली, नेमका हाच आक्षेप घेतला होता.

समजा, एका कारखान्यातला ऑपरेटर ७, १४ आणि २१ जुलैला आला नाही. हजेरीपटावरून नोटिशीत एवढेच लिहावे: या तीन तारखांना आपण रजा मंजूर नसताना गैरहजर होता, आपला रजेचा अर्ज किंवा निरोप नोंदीत आढळत नाही, आपल्यावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत द्यावा. सोबत हजेरीच्या उताऱ्याची प्रत आणि लागू असलेल्या स्थायी आदेशातील कलम द्यावे. ‘वारंवार’ हा शब्द तारखांशिवाय पोकळच.

पाठवण्याआधी सुपरवायझरचा फोन मात्र तपासावा. पुष्कळदा निरोप व्हॉट्सॲपवर आलेला असतो आणि हजेरीखात्याला त्याचा पत्ताच नसतो.

खुलाशात रुग्णालयाचे कागद आले, तर ते पडताळावेत. कृष्णकांत परमार खटल्यात २०१२ साली न्यायालयाने सांगितले, की गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे सिद्ध झाल्याशिवाय ती गैरवर्तन ठरत नाही. खुलासा पटला नाही, तरी पुढची पायरी आरोपपत्र आणि चौकशीची. थेट बडतर्फीची नव्हे.