दीपप्रज्वलन शेवटच्या परिच्छेदात

डिसेंबर-जानेवारी आला की जिल्ह्याच्या पानावर शाळांच्या स्नेहसंमेलनांची रीघ लागते. बहुतेक मजकूर एकाच साच्यातला असतो: अमुक यांच्या अध्यक्षतेखाली, तमुक यांच्या प्रमुख उपस्थितीत, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, विविध गुणदर्शन, आभार. शाळेचे नाव बदलले तर हाच मजकूर शेजारच्या तालुक्यातही खपेल. यात चूक काहीच नसते, पण बातमीही नसते.

कारण हा अहवाल असतो. शाळेच्या दप्तरासाठी तो घडले त्या क्रमाने लिहायचा, हे बरोबरच आहे. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखनात बातमी विचारली जाते तेव्हा मुलेही तसेच लिहितात आणि समारंभाचा कार्यक्रम-पत्रिकेप्रमाणे पाढा वाचतात. वर्तमानपत्राची रचना मात्र उलट्या मनोऱ्याची असते. सर्वांत वजनदार गोष्ट पहिल्यांदा, मग तिचा तपशील, मग पार्श्वभूमी आणि ज्यावाचून चालेल ते तळाशी.

या रचनेचे श्रेय नेहमी तारयंत्राला दिले जाते. अमेरिकेच्या यादवी युद्धात तार मध्येच तुटायची, म्हणून वार्ताहर निष्कर्ष आधी पाठवू लागले, अशी ही कथा. 1865 मध्ये लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा असोसिएटेड प्रेसच्या लॉरेन्स गोब्राइट यांनी पाठवलेली पहिली तार एका वाक्याची होती, हे खरे. पण त्यानंतरही कितीतरी वर्षे वर्तमानपत्रे सभांचे वृत्तांत आरंभापासून क्रमानेच छापत राहिली. हा मनोरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळला. तो टिकण्याचे एक रोखठोक कारण पानाच्या मांडणीत आहे. जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतो. छपाईची वेळ गाठायची असताना मधली वाक्ये वेचून काढायला त्याला सवड नसते.

नमुन्यासाठी बीड जिल्ह्यातील एका शाळेचे काल्पनिक स्नेहसंमेलन घेऊ. नावांच्या जागी पदेच ठेवली आहेत. वार्ताहराच्या वहीतली टिपणे अशी: शनिवार, ता. 18, संध्याकाळी सहा, शाळेचे पटांगण. अध्यक्ष गटशिक्षणाधिकारी, पाहुणे सरपंच. अहवालवाचनात मुख्याध्यापिकांनी सांगितले की 212 पैकी 64 मुलांचे पालक ऊसतोडीला गेले आहेत आणि ही मुले हंगामी वसतिगृहात राहतात. चौदा नृत्ये झाली. आठवीच्या मुलांनी स्वतः लिहिलेली वीस मिनिटांची नाटिका झाली, तीत वीज गेल्यावर अंधारात गृहपाठ करणारा मुलगा होता. ती काही पालकांनी उसाच्या फडावरून व्हिडिओ कॉलवर पाहिली. नाटिकेनंतर सरपंचांनी वसतिगृहाला 20 सौर कंदील देण्याचे जाहीर केले. मग बक्षिसे, आभार.

आता यातली बातमी कोणती? दीपप्रज्वलन मागच्या वर्षी झाले, पुढच्या वर्षीही होईल. नृत्येही होतील. या वर्षीच, या शाळेतच घडलेली गोष्ट म्हणजे नाटिका आणि तिच्यामुळे झालेली घोषणा. शाळेत पाऊल न टाकलेल्या माणसाला घरी गेल्यावर पहिले काय सांगावेसे वाटेल, हा प्रश्न स्वतःला विचारला की उत्तर बहुधा सापडते. अध्यक्षस्थानी कोण होते, हे कोणी पहिले सांगत नाही.

ही निवड झाली की पहिला परिच्छेद, म्हणजे ‘इंट्रो’, असा होतो:

‘ऊसतोडीला गेलेल्या आई-वडिलांविना काढाव्या लागणाऱ्या दिवसांची गोष्ट आठवीच्या मुलांनी शनिवारी (ता. 18) जिल्हा परिषद शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटिकेतून मांडली. नाटिका संपताच सरपंचांनी शाळेच्या हंगामी वसतिगृहाला 20 सौर कंदील देण्याचे जाहीर केले.’

कोण, काय, कधी, कुठे यांची उत्तरे यात आली. का आणि कसे यांना इथेच कोंबण्याची गरज नाही, ती पुढच्या परिच्छेदात सुटसुटीत येतात. मराठीत एक अडचण खास आहे. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी असते. त्यामुळे ‘यांच्या अध्यक्षतेखाली’, ‘यांच्या शुभहस्ते’ अशी माळ लावली की नेमके काय घडले हे कळायला वाचकाला चार ओळी थांबावे लागते. मजकूर उलट्या मनोऱ्यात लिहूनही पहिलेच वाक्य सुलटे राहते ते असे. उपाय साधा आहे: इंट्रोची दोन वाक्ये करावीत आणि पदे-पदव्या खाली उतरवाव्यात.

दुसऱ्या परिच्छेदात नाटिका जवळून दाखवायची: अंधारात गृहपाठ करणारा मुलगा आणि फडावरून मोबाइलवर पाहणारे पालक. एवढे आले की सरपंचांनी कंदीलच का जाहीर केले, हे वेगळे सांगावे लागत नाही. तिसऱ्यात 212 आणि 64 हे आकडे ‘मुख्याध्यापिकांनी अहवालवाचनात सांगितले’ अशा उल्लेखासह. मग अध्यक्षांच्या भाषणातले एखादे कामाचे वाक्य, त्यानंतर नृत्ये. दीपप्रज्वलन, सूत्रसंचालन आणि आभार अगदी शेवटी. मजकूर झाल्यावर शेवटचा परिच्छेद हाताने झाकावा, मग त्यावरचा. दोन्ही झाकूनही बातमी पुरी वाटली तर रचना जमली. काही अर्थवाही गोष्ट हाताखाली गेली असेल, तर ती वर आणावी.

बक्षीसपात्र मुलांची नावे गाळा, असे मात्र कोणी सांगू नये. आपल्या मुलीचे नाव छापून आले म्हणून तालुक्याच्या गावात अंक विकत घेतले जातात. त्या नावांची वेगळी चौकट करावी आणि प्रत्येक नाव, इयत्ता, तुकडी वर्गशिक्षकांकडून तपासून घ्यावी. चुकलेल्या आडनावाची तक्रार दुसऱ्या दिवशी सकाळीच येते.

मथळा सगळे लिहून झाल्यावर द्यावा आणि तो इंट्रोतूनच उचलावा. ‘जि. प. शाळेचे स्नेहसंमेलन उत्साहात’ या मथळ्यातून वाचकाला नवे काही कळत नाही, कारण निरुत्साहात पार पडल्याची बातमी आजवर कोणी छापलेली नाही. त्याऐवजी ‘ऊसतोड मजुरांच्या मुलांनी मांडली घरची गोष्ट’ आणि खाली उपशीर्षक, ‘आठवीच्या नाटिकेनंतर वसतिगृहाला 20 सौर कंदील जाहीर’. इथे ‘जाहीर’ हा शब्द जपून वापरला आहे. कंदील अजून आलेले नाहीत, त्यामुळे ‘मिळाले’ लिहिणे खोटे ठरेल. ‘मुलांनी सगळ्यांना रडवले’ असाही मोह होतो, पण मजकुरात त्याला आधार नसेल तर मथळ्यात तो येता कामा नये. ‘अप्रतिम’, ‘बहारदार’, ‘प्रेक्षक मंत्रमुग्ध’ यांनाही हाच नियम. असे काही म्हणायचेच असेल, तर ते म्हणणाऱ्या पाहुण्याच्या तोंडी घालावे, अर्थात तो खरोखर तसे म्हणाला असेल तर.

शिक्षकांनी हा मजकूर त्याच रात्री पाठवावा. सोबत नाटिकेचा फोटो असावा आणि फोटोओळीत मुलांची नावे डावीकडून क्रमाने द्यावीत. हार-तुऱ्यांचा, व्यासपीठावरच्या रांगेचा फोटो शाळेच्या अहवालासाठी ठेवावा.