दोन पर्याय बरोबर वाटतात तेव्हा

व्यवस्थापनाच्या पेपरात चारपैकी दोन पर्याय सहज कटतात; घोळ होतो तो उरलेल्या दोनांत. हेन्री फेयॉलने 1916 मध्ये मांडलेल्या 14 तत्त्वांपैकी ही जोडी बघा.

प्रश्न : विक्री प्रतिनिधीला विक्री व्यवस्थापक सांगतो, ‘10 टक्क्यांवर सूट देऊ नकोस.’ उत्पादन व्यवस्थापक सांगतो, ‘20 टक्के दे, पण माल खपव.’ कोणते तत्त्व मोडले? उरलेले पर्याय : युनिटी ऑफ कमांड आणि युनिटी ऑफ डायरेक्शन.

दोन्हींत ‘एकच’ असण्यावर भर आहे, म्हणून गोंधळ उडतो. तेव्हा साम्य बाजूला ठेवून फरक एका ओळीत लिहा. कमांड म्हणजे एका कर्मचाऱ्याला एकच वरिष्ठ. डायरेक्शन म्हणजे एकाच उद्दिष्टाच्या कामांना एकच प्रमुख आणि एकच योजना. आता प्रश्नात शोधा : अडचण माणसाची आहे की कामांच्या गटाची? इथे एकाच माणसाला दोघांचे हुकूम मिळताहेत. उत्तर कमांड.

मग उलटी तपासणी करा. डायरेक्शन बरोबर ठरायला प्रश्न कसा असावा लागला असता? एकाच उत्पादनाच्या जाहिरातीसाठी दोन विभाग वेगवेगळ्या योजना राबवताहेत, असा. तसे प्रश्नात काहीच नाही, म्हणजे ते मनाने घालावे लागते. असा पर्याय खोडा.

प्रश्नात फरक दाखवणारा एकही शब्द नसेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे ‘सर्वांत योग्य’ किंवा ‘सर्वप्रथम’ असे शब्द आहेत का, ते पाहावे.