ओटीपीच्या मेसेजमधली शेवटची ओळ

बँकेच्या ॲपमध्ये किंवा खरेदीच्या वेबसाइटवर ओटीपीची चौकट समोर येते आणि मेसेजचा टिंग आवाज होतो. आयफोनवर एरवी शब्द सुचवणाऱ्या कीबोर्डवरच्या पट्टीत लगेच सहा आकडे दिसतात, सोबत लहान अक्षरांत From Messages. त्यावर बोट टेकवलं की चौकट भरते. ही सोय २०१८ साली आयओएस १२ बरोबर आली. तेव्हापासून बरेच जण समजून चालतात की ॲप आपले मेसेज वाचतंय.

तसं ते वाचत नाही. बाहेरच्या ॲपला तुमच्या मेसेजच्या पेटीत डोकावण्याची वाटच ॲपलने आयफोनवर ठेवलेली नाही. मेसेज फोनची स्वतःची यंत्रणा फोनमध्येच तपासते, त्यातला कोड शोधते आणि कीबोर्डच्या पट्टीत मांडते. तुम्ही बोट टेकवेपर्यंत ॲपला त्या आकड्यांचा पत्ताही नसतो. टेकवल्यावरसुद्धा चौकटीत टाइप झालेले सहा आकडे तेवढे त्याच्या हाती येतात. मेसेज कुणाकडून आला आणि त्यात आणखी काय लिहिलं होतं, हे त्याला कळत नाही.

हे जुळून यायला दोन्ही बाजूंनी थोडं काम करावं लागतं. ही चौकट ओटीपीची आहे, असं ॲपने किंवा वेबसाइटने फोनला सांगायला हवं. वेबसाइटसाठी एवढं पुरतं:

```html
<input inputmode="numeric" autocomplete="one-time-code">
```

ॲप बनवणाऱ्यासाठीही अशीच एक ओळ असते:

```swift
codeField.textContentType = .oneTimeCode
```

आकडे सुचवलेच जात नाहीत, तेव्हा गडबड बऱ्याचदा या चौकटीतच असते. काही ॲप सुरक्षेसाठी स्वतःचा आकड्यांचा कीपॅड दाखवतात. आयफोनचा कीबोर्डच उघडला नाही तर त्याची पट्टी कुठून दिसणार? दुसरी हौस म्हणजे सहा आकड्यांसाठी सहा वेगळ्या चौकटी. त्या दिसतात छान, पण नीट बांधल्या नसतील तर पहिल्या चौकटीत एक आकडा पडतो आणि बाकीचे गळून जातात. जाणते लोक खरी चौकट एकच ठेवतात आणि सहा घरांचा भास वरून रंगवतात.

आता मेसेजची बाजू, आणि मला खरं सांगायचं आहे ते इथलंच. साध्या मेसेजमधून कोड काढताना फोन अंदाज बांधतो. मेसेजमध्ये code, passcode असे शब्द आहेत का, त्यांच्या आसपास कोड वाटावा असा आकडा आहे का, हे तो पाहतो. त्याला कोड सापडला की नाही, हे तुम्हालाही तपासता येतं. मेसेज उघडा. आकड्याखाली रेघ दिसली आणि त्यावर बोट टेकवल्यावर Copy Code असा पर्याय आला, तर फोनने तो कोड म्हणून ओळखला आहे. ॲप बनवणाऱ्यांना ॲपलने २०१८ च्या परिषदेत हीच चाचणी सुचवली होती: मेसेजचा मजकूर स्वतःलाच पाठवा आणि रेघ येते का बघा.

अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघतो, पण त्यात एक मोठी उणीव आहे. हा कोड कुणाचा, हे अंदाजाला कळत नाही. समजा, तुमच्या बँकेसारखं हुबेहूब दिसणारं बनावट पान कुणी बनवलं. तुम्ही तिथे पासवर्ड टाकला. पलीकडच्या भामट्याने तो लगेच खऱ्या बँकेच्या साइटवर वापरला, त्यामुळे बँकेने तुम्हाला खरा ओटीपी पाठवला. बनावट पानावरही ओटीपीची चौकट आहे. फोनला दिसते एक चौकट आणि नुकताच आलेला एक कोड. तो कोड इमानदारीने त्या बनावट पानावर सुचवतो. एरवी हाताने आकडे टाइप करताना मनात कदाचित शंका आली असती, तेवढी उसंतही आता मिळत नाही.

यावर उपाय म्हणून ॲपलच्या वेबकिट गटातल्या अभियंत्यांनी २०२० च्या सुरुवातीला मेसेजचा एक ठरावीक साचा सुचवला. त्याच वर्षी आलेल्या आयओएस १४ पासून आयफोनला तो समजतो आणि गूगलनेही क्रोमसाठी तोच उचलला. साचा अगदी साधा आहे. वर माणसाने वाचायचा मजकूर आणि सगळ्यात खाली फोनने वाचायची एक ओळ:

```
482913 हा तुमचा लॉगिन कोड आहे. कुणालाही सांगू नका
@example.com #482913
```

शेवटच्या ओळीत @ नंतर कोड ज्या साइटवर चालणार तिचं नाव, मग एक मोकळी जागा, मग # आणि त्याला चिकटून कोड. त्यानंतर काहीही लिहायचं नाही. पाकिटावर पत्ता असावा तसं हे आहे: आतला कोड कुठे पोचवायचा ते बाहेर लिहिलेलं. (इथलं example.com हे नाव अशा उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे.)

असा मेसेज आला की फोनला अंदाज बांधावा लागत नाही. तुम्ही example.com वर असाल, login.example.com सारख्या त्याच्या उपशाखेवर असाल किंवा त्या साइटशी जोडलेल्या ॲपमध्ये असाल, तर कोड सुचवला जातो. बनावट पान example.net वर असेल तर पट्टीत तो येत नाही. पान कितीही हुबेहूब असलं तरी फोन त्याच्या रंगरूपाकडे बघत नाही, पत्ता पडताळतो. ॲप साइटशी जोडलेलं आहे हे फोनला कळावं म्हणून कंपनीला आपल्या साइटवर ठरलेल्या जागी एक फाइल ठेवावी लागते, तिचं नाव apple-app-site-association. शिवाय ॲपमध्येही webcredentials:example.com अशी नोंद लागते. ही जोडणी राहून गेली तर विचित्र प्रकार होतो: मेसेजचा साचा बिनचूक, तरी वेबसाइटवर कोड सुचतो आणि त्याच कंपनीच्या ॲपमध्ये सुचत नाही.

या ओळीचा एक गुण मराठी वाचकांच्या कामाचा आहे. वरचा मजकूर कोणत्या भाषेत आहे, याच्याशी तिला देणंघेणं नाही. अंदाजाच्या पद्धतीत फोनला त्या भाषेतले शब्द ओळखता यावे लागतात. इथे वरचा मजकूर पूर्ण मराठीत लिहिला तरी फोन कोड घेतो शेवटच्या ओळीतून. ग्राहकाला मराठीत ओटीपी पाठवला तर सोय बिघडेल, ही सबब त्यामुळे उरत नाही.

अडचण आहे ती जागेची. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. मेसेजमध्ये देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, आणि काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकी एक अक्षर म्हणून मोजले जातात. वरचं उदाहरण मोजून बघा. पहिली ओळ ४९, ओळ बदलण्याचं चिन्ह १, शेवटची ओळ २०. बरोबर ७०! ‘नका’पुढे पूर्णविराम दिला किंवा दोन ओळींमध्ये एक रिकामी ओळ सोडली की ७१ होतात आणि मेसेजचे दोन तुकडे पडतात. फोन ते जोडून एकसंध दाखवतो, पण पाठवणाऱ्याला दोन मेसेजचे पैसे पडतात. कंपनीचं नाव घातलं की दोन तुकडे ठरलेलेच. रोज लाखो ओटीपी पाठवणाऱ्याला हा हिशेब टोचतो, हे मान्य. तरीही माझं मत असं की वरचा पाल्हाळ कमी करावा, पत्त्याची ओळ गाळू नये.

भारतात आणखी एक पायरी लागते. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक मेसेजचा मजकूर आधी दूरसंचार कंपन्यांकडे नोंदवावा लागतो. बदलत्या भागाच्या जागी ठरलेली खूण लिहायची आणि बाकीचा मजकूर नोंदवल्याप्रमाणेच पाठवायचा. नोंदीशी न जुळणारा मेसेज वाटेतच अडवला जातो. मार्च २०२१ मध्ये ही गाळणी पहिल्यांदा कडकपणे लावली, तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला ती काही दिवसांसाठी थांबवावी लागली होती. त्यामुळे शेवटची ओळ हवी असेल तर नोंद नव्याने करावी लागते आणि तिची अखेर अशी दिसते:

```
@example.com #[ठरलेली खूण]
```

आपल्याकडच्या कित्येक ओटीपींच्या शेवटी अकरा अक्षरांचा एक निरर्थक वाटणारा पुंजका असतो. तो अँड्रॉइडसाठी असतो: मेसेज कोणत्या ॲपचा, हे त्यावरून अँड्रॉइड फोनला समजतं. आयफोनला त्याचा उपयोग नाही. एकाच मेसेजमध्ये दोन्ही घालायचे असतील तर तो पुंजका वरच्या मजकुरात ठेवावा लागतो, कारण आयफोनला पत्त्याची ओळ सगळ्यात खालीच हवी असते.

या ओळीने काय होत नाही, तेही सांगायला हवं. फोनने कोड सुचवला नाही तरी माणूस तो मेसेजमधून बघून बनावट पानावर हाताने टाइप करू शकतो, तिथे फोन आडवा येत नाही. म्हणून जिथे नेहमी कोड सुचतो तिथे एखाद्या दिवशी सुचला नाही, तर टाइप करण्याआधी ब्राउझरच्या पट्टीतला साइटचा पत्ता एकेक अक्षर वाचावा.

दुसरी मर्यादा पैशांच्या व्यवहारातली. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या आंद्रेआस गुटमन आणि स्टीव्हन मर्डॉक या संशोधकांनी ही सोय आल्यावर लवकरच ती दाखवून दिली होती. बँकेच्या मेसेजमध्ये कोडबरोबर रक्कम आणि पैसे कुणाला जाणार ते लिहिलेलं असतं. ग्राहकाने ते वाचावं आणि मगच कोड द्यावा, हीच त्या मेसेजमागची कल्पना. कीबोर्डच्या पट्टीत मात्र येतो नुसता कोड. पाचशे रुपयांसाठी मागितलेला आणि पन्नास हजारांसाठी मागितलेला कोड तिथे सारखाच दिसतो. पत्त्याच्या ओळीतही साइटचं नाव असतं, रकमेचा उल्लेख नसतो. लॉगिनचा कोड असेल तर पट्टीवर बोट टेकवायला हरकत नाही. पैसे जाणार असतील तेव्हा मी मेसेज उघडून रक्कम आणि नाव वाचतो आणि मगच कोड भरतो.