ओळींची बेरीज सारखी असेल, तर आयगनव्हॅल्यू शोधायला समीकरण कशाला?

काही व्हेक्टर असे असतात की मॅट्रिक्सने गुणल्यावर ते फक्त काही पट होतात, त्यांची रेषा बदलत नाही. अशा शून्येतर व्हेक्टरला त्या मॅट्रिक्सचा आयगनव्हेक्टर म्हणतात आणि तो जितके पट होतो, ती संख्या म्हणजे आयगनव्हॅल्यू.

आता ही मॅट्रिक्स पाहा:

```
१  ३
२  २
```

दोन्ही ओळींची बेरीज ४ आहे. हिने (१, १) या व्हेक्टरला गुणू. गुणाकारात ओळीतली प्रत्येक संख्या व्हेक्टरमधल्या संख्येने गुणून बेरीज करायची असते. इथे सगळीकडे १ असल्यामुळे उरते फक्त ओळीची बेरीज: १ + ३ = ४ आणि २ + २ = ४. उत्तर (४, ४), म्हणजेच (१, १) च्या ४ पट. मॅट्रिक्स कितीही मोठी असली तरी कारण हेच.

दुसरी आयगनव्हॅल्यूही लगेच मिळते. डावीकडून उजवीकडे उतरणाऱ्या कर्णावरच्या संख्यांची बेरीज ही सर्व आयगनव्हॅल्यूंच्या बेरजेइतकी असते. इथे ती १ + २ = ३, म्हणून दुसरी आयगनव्हॅल्यू ३ − ४ = −१.

मात्र ओळी आणि स्तंभ यांत गल्लत नको. ओळींऐवजी स्तंभांची बेरीज सारखी असेल तर?

```
१  २
३  २
```

इथेही ४ ही आयगनव्हॅल्यू आहेच. पण (१, १) ला गुणल्यावर (३, ५) येतात, म्हणजे तो आयगनव्हेक्टर नाही. तो मान (२, ३) चा: गुणल्यावर (८, १२).