२० जणांच्या कंपनीत ६ जणांनी नोकरी सोडली, म्हणजे नेमकं काय बिघडलं?

कंपनीतून वर्षभरात किती टक्के लोक गेले, हे सांगणारा आकडा म्हणजे अ‍ॅट्रिशन रेट, अर्थात कर्मचारी गळतीचा दर. काही मोठ्या कंपन्या तो दर तिमाहीला जाहीर करतात. पण छोट्या कंपनीत हाच आकडा मालकाला सहज चकवू शकतो.

दर कसा काढतात?

समजा, भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये १ एप्रिलला २० कर्मचारी होते. वर्षभरात ६ जण गेले, ४ नवे आले. ३१ मार्चला उरले १८.

सुरुवातीचे २० आणि शेवटचे १८ यांची सरासरी १९. गेलेल्यांची संख्या सरासरीने भागायची आणि १०० ने गुणायचं: ६ ÷ १९ × १०० = ३१.६ टक्के.

वर्षभरात संख्या फार वरखाली झाली असेल, तर बाराही महिन्यांच्या हजेरीपटावरून सरासरी काढणं जास्त योग्य.

म्हणजे जवळपास एक तृतीयांश लोक गेले?

नाही. इथेच गफलत होते. या ६ जणांमध्ये एक निवृत्त झाला, एकाला कंपनीनेच काढलं आणि चौघांनी राजीनामा दिला. फक्त राजीनामे धरले तर दर २१ टक्क्यांवर येतो.

राजीनामा देणाऱ्या चौघांपैकी तिघे त्याच वर्षी लागलेले होते. तिघांनाही रात्रपाळीच्या एकाच मशीनवर एकामागोमाग एक घेतलं होतं आणि तिघेही तीन महिन्यांच्या आत गेले. म्हणजे एकच जागा तीनदा रिकामी झाली आणि गळतीत तीनदा मोजली गेली.

जुन्या २० पैकी १७ जण, म्हणजे ८५ टक्के, अजून कामावर आहेत. त्यामुळे सगळ्यांचा पगार वाढवण्याआधी मालकाने त्या रात्रपाळीकडे बघायला हवं: भरती करताना काय सांगितलं, काम कोण शिकवतं, रात्री घरी जायची सोय काय?

महिन्याच्या आकड्यावर विश्वास ठेवावा का?

१९ जणांत एक माणूस गेला की दर ५.३ टक्क्यांनी वाढतो. एका महिन्यात एक गेला म्हणून त्याला १२ ने गुणलं, तर वार्षिक गळती ६३ टक्के दिसेल. प्रत्यक्षात पुढचे ११ महिने कुणी जाणारही नाही. म्हणून छोट्या कंपनीत निदान मागच्या १२ महिन्यांचा हिशोब एकत्र बघावा.

दर कमी असला, तर सगळं ठीक?

तेही नाही. वर्षभरात एकच जण गेला, पण मशीनचे प्रोग्राम लिहिणारा तोच एकटा होता, तर ५ टक्क्यांची गळतीही काम थांबवू शकते. किती जण गेले हे टक्केवारी सांगते. कोण गेलं, किती दिवसांत आणि कुठल्या जागेवरून, हे कळायला नावांची यादीच लागते. २० जणांच्या कंपनीत ती एका पानावर मावते.