राऊटर ‘रीसेट’ केल्यावर इंटरनेट का बंद पडते?

दुकानातील इंटरनेट मंद झाले की पुष्कळ जण राऊटरच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून दाबतात. राऊटर बंद करून पुन्हा सुरू करणे आणि रीसेट करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या व्यापारी बांधवांनी ध्यानात घ्यावे. बटण बंद-चालू केल्याने राऊटरमधील नोंदी कायम राहतात. टाचणी दहा-पंधरा सेकंद दाबून धरली की त्या पुसल्या जातात.

या नोंदींत कंपनीने दिलेले लाईनचे युजरनेम व पासवर्ड असतात. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांत राऊटर प्रत्येक वेळी ही ओळख कंपनीला कळवतो, तेव्हाच इंटरनेट मिळते. वायफायचा पासवर्ड वेगळा, आणि राऊटरखालच्या चिठ्ठीवरील पासवर्डही वेगळा.

आमच्या माहितीतील एका कापड दुकानात ऐन ईदच्या खरेदीत हेच घडले. नोकराने टाचणी दाबली. वायफाय दिसू लागले, पण जुन्या नावाऐवजी चिठ्ठीवर छापलेल्या नावाने. मोबाईल जोडला गेला, तरी इंटरनेट नाही. बिलाचा संगणक व कार्डाचे यंत्र ठप्प झाले. मालकांना वाटले, केबल तुटली. परंतु फायबर तुटल्यावर पेटणारा ‘एलओएस’चा लाल दिवा बंद होता, ‘पॉन’चा हिरवा दिवा स्थिर होता, फक्त इंटरनेटचा दिवा पेटत नव्हता. म्हणजे लाईन शाबूत, ओळख हरवलेली.

त्यांनी नोंदणीकृत मोबाईलवरून कंपनीला फोन करून युजरनेम विचारून घेतले आणि पासवर्ड नवा करून घेतला. मग राऊटरला जोडलेल्या संगणकाच्या ब्राऊझरमध्ये चिठ्ठीवरचा पत्ता 192.168.1.1 टाकला, चिठ्ठीवरच्याच पासवर्डने आत जाऊन WAN हा भाग उघडला, PPPoE निवडले व दोन्ही गोष्टी भरल्या. कंपनीने सांगितलेला VLAN ID चा आकडाही भरला. थोड्याच वेळात दिवा पेटला. शेवटी वायफायला जुनेच नाव व जुनाच पासवर्ड दिला, त्यामुळे सर्व यंत्रे आपोआप जोडली गेली.

भरताना शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची गल्लत होते, लहान-मोठी अक्षरे चुकतात. एक अक्षर चुकले तरी जोडणी नाकारली जाते. काही कंपन्या या नोंदी दुरून आपणच भरतात. तेथे ग्राहकाला काही भरावे लागत नाही. मात्र रीसेटनंतर ‘पॉन’चा दिवाच लुकलुकत राहिला, तर फायबरच्या यंत्राची नोंदणी गेली असण्याचा संभव आहे. ते काम कंपनीच्या माणसाचे.

म्हणून युजरनेम, पासवर्ड व VLAN ID आजच कंपनीकडून घेऊन हिशेबाच्या वहीत लिहून ठेवावेत. ते हाती नसतील, तोवर टाचणी लावू नये.