पुसट ओळीचा हिशेब

ही गोष्ट एका निवृत्त कारकुनाची. वडिलांची १९५४ची डायरी जीर्ण झालेली, म्हणून पानांचे फोटो काढून तो मजकूर टाइप करतो आहे. एका ओळीवर तो अडतो: ‘साखर १४ आणे, चहा ९ आणे, रॉकेल...’ पुढचा आकडा पुसट आहे. ४ की ५?

तो फोटोतला फक्त लाल रंगाचा थर उघडतो. निळी शाई लाल प्रकाश शोषते, पिवळा पडलेला कागद तो परतवतो; त्यामुळे कागद उजळतो आणि अक्षर गडद होतं. तरी आकडा संदिग्धच.

मग कामी येते कारकुनी. खाली बेरीज स्पष्ट आहे: १ रुपया १२ आणे. दशमान नाणी १९५७मध्ये आली. त्याआधी रुपयाचे १६ आणे. म्हणजे एकूण २८ आणे. त्यातून साखर-चहाचे २३ गेले, उरले ५.

तरीही तो ‘[५]’ असं चौकटी कंसात लिहितो. वडिलांची बेरीजही कधी चुकली असेल. वाचलेलं कुठलं आणि ताडलेलं कुठलं, हे नातवंडांना कळायला हवं. पुढच्याच ओळीत एक नाव पुसलं गेलंय. तिथे बेरीज नाही, म्हणून तो अंदाज न बांधता ‘[अवाच्य]’ लिहितो.